अण्णा विसरायलेत, की त्यांना ऐकूच येईना? (कानाचा रिपोर्ट आहे, मशीन कपाटात आहे)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ७२. सेलूला माय आणि धाकट्या भावासोबत राहतात. मी नांदेडला. अण्णांनी तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काढली. रेचे चालू असले की तिथं माणसं खुणांनीच बोलायची, तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडायची.

मागच्या दिवाळीपासून घरात कुजबुज सुरू झाली की अण्णा विसरायलेत. भाऊ सकाळी सांगून गेला, संध्याकाळी साडेपाचला पोराला शिकवणीवरून आणा. अण्णा "होय होय" म्हणाले आणि गेलेच नाहीत. भाजीवाल्यानं साठ रुपये सांगितले, तर अण्णांनी दहाची नोट दिली आणि दोन रुपये परत घ्यायला हात पुढं करून उभे राहिले. भाजीवाला हसला, बाजूची दोन माणसं हसली. तेव्हापासून बाजारात जाईनात. पारावर बसायचे तेही बंद. लग्नाला चला म्हटलं की गुडघा दुखतो म्हणतात.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ती तोंडी परीक्षा घेतली, तीस गुणांची. अण्णांना १९. मी शेजारीच बसले होते. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले आणि लगेच म्हणून दाखवा म्हणाले. अण्णांनी तीन बरोबर सांगितले आणि दोन भलतेच. पाच मिनिटांनी परत विचारले तेव्हाही तेच पाच, म्हणजे ते दोन भलते शब्दसुद्धा जसेच्या तसे! डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले, मग तोंडावरचा मास्क काढून म्हणाले, "आधी कान तपासून आणा, मग पुढचं बोलू."

कान तपासला. दोन्ही कानांत कमी निघालं. ज्या दुकानात तपासला तिथंच भावानं त्याच दिवशी दोन मशीन घेतल्या, जोडी ६४ हजारांची. पहिल्या आठवड्यात अण्णा म्हणाले, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा स्वतःचा आवाज येतो आणि भांडी डोक्यात पडल्यासारखी वाजतात. आता मशीन लोखंडी कपाटात, मायच्या पाटल्यांशेजारी.

विचारायचं हे, की विसरणं खरं आहे का ऐकू न येण्याचाच हा प्रकार? आणि मशीनचे पैसे बुडाले समजायचे का?

---

भुईमुगाची_शेंग

ताई, मशीनच्या नादी लागू नका. मशीन लावली की कान आळशी होतो, मग तिच्याशिवाय काहीच ऐकू येत नाही. आमच्या आजेसासूबाई ९१ वर्षांच्या होऊन गेल्या, रोज रात्री कोमट तेलाचे दोन थेंब. शेवटपर्यंत सगळं ऐकू यायचं.

---

कानोसा

भुईमूगताई, तेलानं मळ मऊ होतो तेवढंच. ज्यांना मळामुळंच कमी ऐकू यायचं त्यांना तेलानं बरं वाटलं, आणि ती गोष्ट घराघरात राहिली. पण पडद्याला भोक असेल तर तेच तेल आत जातं आणि कान वाहायला लागतो. कान आळशी होतो हेही तसंच. मशीन लावून आठवडाभर नीट ऐकलं आणि मग काढली, की आधीचीच शांतता एकदम जाणवते. माणसाला वाटतं आणखी बिघडलं.

गोदाकाठची, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, लातूरकडे, अठरा वर्षं हेच करतेय. मला रिपोर्टमधल्या चार गोष्टी सांगा. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत, दोन्ही कानांचे डेसिबलचे आकडे; आकडा जितका मोठा तितकं ऐकू येणं कमी. कानामागच्या हाडावर पट्टी लावून वेगळी तपासणी झाली होती का, आणि तिची रेघ पहिल्या रेघेला चिकटून आहे की वर. शब्द म्हणायला लावून किती टक्के आले. आणि कानात आवाज येतो का. येत असेल तर एका बाजूला की दोन्ही?

तुमच्या डॉक्टरांनी ओठ दिसावेत म्हणून मास्क काढला ना, मला त्यांचं कौतुक वाटलं. लगेच म्हणून दाखवताना शब्द बदलला तर तो विसरलेला नसतो, कानात पोचलाच तो दुसरा होऊन. आणि अण्णांनी पाच मिनिटांनी तेच चुकीचे शब्द परत सांगितले, म्हणजे जे ऐकलं ते त्यांना पाठ होतं. एवढ्यावरून स्मरणशक्ती ठणठणीत आहे असं मी म्हणणार नाही. पण गेलेल्या ११ गुणांत कानाचे किती आणि मेंदूचे किती, हे त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं.

---

गोदाकाठची

कानोसाताई, रिपोर्ट समोर ठेवून लिहितेय.

उजवा कान: २५० ला २०, ५०० ला २५, १००० ला ३५, २००० ला ५०, ४००० ला ७०, ८००० ला ७५.
डावा: २०, ३०, ३५, ५५, ७०, ८०.

हाडाची रेघ जवळजवळ त्याच रेघेवर आहे. शब्द उजव्याला ७२ टक्के, डाव्याला ६८. खाली लिहिलंय "सरासरी ३७ आणि ४०". दुकानदार म्हणाला, थोडंसंच आहे.

आवाजाचं मी आत्ता फोन करून विचारलं. अण्णा म्हणाले, "रातकिडे ना? ते तर चार-पाच वर्षं झाले ओरडायलेत, दोन्हीकडं. तुम्हाला नाही का ऐकू येत?" आम्हाला कधी बोललेच नाहीत हो. त्यांना वाटायचं सगळ्यांनाच येतात.

---

पाटीलबुवा_औसेकर

आमच्या वडिलांचंही असंच आहे, त्यांना फोनवर ऐकू येत नाही. मोबाईल बदलून पाहिला, थोडा फरक पडला. कोणता मोबाईल घेतलाय अण्णांनी?

---

कानोसा

पाटीलसाहेब, मोबाईलचं नंतर बघू.

गोदाकाठची, ते "थोडंसंच" कुठून आलं ते सांगते. त्यांनी ५००, १००० आणि २००० या तीन आकड्यांची सरासरी काढली. उजव्याचे २५, ३५, ५०, म्हणून ३७. पण अण्णांचं नुकसान आहे ४००० ला, आणि तो आकडा बेरजेत धरलाच नाही. तो धरला की उजवा ४५ आणि डावा ४७-४८ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत हे मध्यम नुकसान, ३५ ते ५० मधलं.

आता हा आलेख जरा माणसासारखा वाचू. आलेखाची डावीकडची बाजू, २५०-५००, जवळजवळ चांगली आहे. आ, ओ, ऊ हे स्वर तिथले. माणूस बोलतोय, कोण बोलतोय, रागानं की प्रेमानं, हे सगळं अण्णांना कळतं. म्हणून तुम्ही म्हणालात "ऐकू येतं", आणि ते खोटं नाही. उजवीकडं रेघ कड्यावरून उतरल्यासारखी खाली जाते. स, श, फ, त, ट, च, क ही व्यंजनं तिथली, ती मुळात बारीक आवाजाची. साठ मधला स गेला की काय उरतं?

आठ. भाजीवाल्याला दहाची नोट दिली आणि दोन रुपये परत मागितले. हिशोब अगदी बरोबर होता त्यांचा.

हाडाची रेघ हवेतून आलेल्या आवाजाच्या पहिल्या रेघेला चिकटलेली आहे, म्हणजे मळ, पडदा, मधल्या कानातली साखळी यांचा दोष नाही. आतल्या कानातल्या शंखातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी झिजल्यात. त्या परत येत नाहीत. तेल, थेंब, ऑपरेशन, कशाचाही इथं उपयोग नाही. फक्त आवाजामुळं गेलेला कान असता तर ४००० ला खड्डा पडून ८००० ला रेघ परत वर आली असती. अण्णांची वर येत नाही, कारण वयानं पलीकडचा काठही खचवलाय. जिनिंग आणि ७२ वर्षं, दोन्ही एकाच रेघेत आहेत.

शब्दांचे ७२ टक्के म्हणजे आरामात ऐकू येईल इतक्या मोठ्या आवाजात सांगूनही दहातले तीन शब्द सुटतात. हे भावाला नीट सांगा. मशीननं शंभर होणार नाहीत. पण घरात नेहमीच्या बोलण्यात आज त्यांना यापेक्षा बरंच कमी मिळतंय, तेवढं भरून निघतं.

रातकिड्यांबद्दल. पूर्वी आकाशवाणी परभणीची सभा संपल्यावर रेडिओ चालूच राहिला तर खरखर यायची, आठवतं? स्टेशन बंद, आणि आपण आवाजाचं बटण पिळतोय, तर खरखरच मोठी होते. कानाकडून बारीक आवाज यायचे थांबले की मेंदू आपलं बटण पिळतो. म्हणून शीळ बहुधा त्याच पट्टीतली असते जिथं ऐकू येणं गेलंय. मशीननं ती पट्टी परत भरली की पुष्कळांची शीळ मागं सरते. सगळ्यांची नाही. आणि ती घालवणारी गोळी आज तरी नाही. नसांच्या, चक्करच्या, गिंकोच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणारी माणसं माझ्याकडे येतात. कानाच्या आवाजावर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

अण्णांची शीळ दोन्हीकडं आहे आणि कान सारखे गेलेत, म्हणून मी शांतपणे लिहितेय. आवाज एकाच कानात असता, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धक् धक् येत असता, किंवा एक कान दुसऱ्यापेक्षा बराच जास्त गेला असता, तर मशीनचं नाव काढायच्या आधी कान-नाक-घसा डॉक्टर आणि गरज पडली तर एमआरआय.

---

बंद_पडलेला_ट्रॅक्टर

ताई, एक जोडा त्यात. एका रात्रीत गेलेला कान.

माझं वय ५४. गेल्या पावसाळ्यात सकाळी उठलो तर डावा कान बंद, आत शीळ. वाटलं सर्दी झाली. गावातल्या दवाखान्यात मळ म्हणून थेंब दिले, आठ दिवस टाकले. मग सोयाबीनची काढणी आली. तीन आठवड्यांनी शहरात गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, लगेच आला असता तर स्टेरॉइड देऊन बघता आलं असतं, आता उशीर झाला. डावा कान गेला तो गेलाच. मळ आहे म्हणणारा आत बॅटरी मारून बघतोय का नुसतं अंदाजानं सांगतोय, एवढं तरी बघा रे.

---

कानोसा

दादा, वाईट वाटलं. बरोबर सांगितलंत. घरी एक युक्ती आहे: हं... असा तोंड मिटून गुणगुणाट करा. मळ किंवा सर्दीनं बंद झालेल्या कानात तो जास्त घुमतो. आतल्या नसेचा कान गेला असेल तर गुणगुणाट चांगल्या कानाकडं पळतो. यावर निदान ठरवायचं नाही, पण एका दिवसात गेलेला कान आणि गुणगुणाट दुसऱ्या बाजूला, असं झालं तर त्याच दिवशी एसटी पकडा.

---

निवृत्त_हेडमास्तर

फार उपयुक्त धागा. मी भर घालतो. २०२३ साली अमेरिकेत मोठा प्रयोग झाला, त्यात सिद्ध झाले की श्रवणयंत्र लावल्याने बुद्धीचा ऱ्हास ४८ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे यंत्र लावा आणि डिमेन्शिया निम्म्याने टाळा. प्रत्येक साठीच्या माणसाला सक्तीने यंत्र दिले पाहिजे.

---

शंकासूर

मास्तर, जरा दमानं. त्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या घरातल्या एका मासिकात आणखी एक लेख आला होता, ब्रिटनच्या लाखो लोकांच्या नोंदींवर, की यंत्र वापरणाऱ्यांना डिमेन्शिया कमी होतो. डिसेंबरमध्ये तो मागे घेतला गेला. कारण काय, तर यंत्र वापरतो की नाही याची खूणच आकडेमोडीत उलटी घातली गेली होती. हे सगळं यंत्र विकणाऱ्यांचं आहे. ६४ हजार उगाच नाही घेत.

---

कानोसा

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

शंकासूर, तो लेख मागे घेतला गेला हे खरं. पण मास्तर म्हणताहेत तो प्रयोग वेगळा, त्याचं नाव अचीव्ह. ९७७ माणसं, वय ७० ते ८४, ऐकू येणं कमी झालेलं पण यंत्र न लावलेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला यंत्र, त्याचं सेटिंग आणि सल्ला. दुसऱ्याला म्हातारपणातल्या तब्येतीबद्दल गप्पा-माहिती. तीन वर्षं बघितलं. पैसा तिथल्या सरकारी संस्थेचा होता, यंत्रं मात्र एका कंपनीनं दिली होती आणि ते लेखात उघड लिहिलंय.

मास्तर, आता तुमचे ४८. सगळी माणसं एकत्र धरली तर दोन गटांत फरक दिसलाच नाही. ४८ टक्के आले ते एका भागात: जी माणसं आधीपासून हृदयविकाराच्या एका जुन्या अभ्यासात होती, वयानं मोठी, रक्तदाब-मधुमेहाचा धोका जास्त असलेली. त्यांची बुद्धी आधीच वेगानं उतरत होती, यंत्रानं ती उतरण हळू झाली. धडधाकट स्वयंसेवकांची तीन वर्षांत फारशी उतरतच नव्हती, मग हळू काय होणार? आणि हे ४८ विचारशक्तीच्या उतरणीचे आहेत. डिमेन्शिया किती जणांचा टळला, याचे नाहीत.

---

शंकासूर

म्हणजे सिद्ध नाही, असंच ना?

---

कानोसा

सगळ्यांसाठी सिद्ध नाही, धोका जास्त असलेल्यांसाठी चांगला पुरावा आहे, असं. लॅन्सेटच्या डिमेन्शिया आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्यासारखी १४ कारणं मोजली. त्यात कमी ऐकू येण्याचा वाटा सात टक्के, एवढाच मोठा वाटा दुसऱ्या फक्त एका कारणाचा, वाईट कोलेस्टेरॉलचा. पण कान आणि मेंदू दोन्ही एकाच रक्तवाहिन्यांवर जगतात, तेव्हा कुणामुळं कोण बिघडतं हा वाद चालू आहे आणि मी तो इथं मिटवू शकत नाही.

मी रोज बघते ते एवढंच. अर्धवट ऐकलेलं वाक्य जोडण्यात माणसाची इतकी ताकद जाते, की लक्षात ठेवायला काही उरत नाही. अण्णा "होय होय" म्हणतात तेव्हा ते आळसानं म्हणत नाहीत, दमून म्हणतात. मग माणूस पारावर जाणं सोडतो, आणि ज्या डोक्याला दिवसभर कुणी काही विचारत नाही ते गंजतं. लवकर तपासा म्हणते ते त्यासाठी. कान ४५ डेसिबलवर असताना मशीनची सवय सहा-आठ आठवड्यांत लागते. दहा वर्षं थांबून ७० डेसिबलवर आलात, की मेंदूला स आणि श कसे असतात हेच नव्यानं शिकवावं लागतं, शब्दांचे टक्केही तोवर घसरलेले असतात आणि ते मशीननं परत येत नाहीत.

आता कपाटातल्या मशीनबद्दल, कारण ताईंचा खरा प्रश्न तोच होता. पैसे बुडालेले नाहीत. मडक्यातला आवाज येतोय, म्हणजे मशीनच्या टोकाला कानात जाणारा बंद मऊ बोंडू बसवलाय. अण्णांचे जाड आवाज चांगले आहेत, ते कोंडले की स्वतःचं बोलणं कवटीत घुमतं. त्यांना भोकं असलेला उघडा बोंडू लागेल, काही रुपयांची वस्तू. भांडी डोक्यात पडतात, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरनं सरासरी कान धरून जे सेटिंग सुचवलं तेच ठेवलंय आणि मोठ्या आवाजाची मर्यादा खाली आणलेली नाही. ज्याच्याकडं जाल त्याला दोन गोष्टी विचारा. आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का, आणि कानात बारीक मऊ नळी घालून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय ते मोजता का? मोजत नसेल तर तो अंदाजानं शिवतोय. आणि एका कानालाच लावू नका, कितीही वाटलं तरी. गर्दीत आवाज कुठून येतोय हे दोन कानांनीच कळतं.

---

रानजाई

मी ऑनलाइन १८०० चं मागवलं होतं सासऱ्यांना, चार्जिंगवालं. शिट्टी वाजते सारखी. तेच सेटिंग करून मिळेल का?

---

कानोसा

नाही हो. ते सगळेच आवाज सारखे मोठे करतं, त्यांना न लागणारे जाडही. तुमच्या सासऱ्यांचा आलेख त्याला माहीत नाही. वर काहींना मोठ्या आवाजाची मर्यादाच नसते, तेव्हा उरलेला कानही जाऊ शकतो.

---

भाऊसाहेब_गेवराई

याला दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का? एसटीत सवलत मिळेल.

---

कानोसा

अण्णांना नाही. दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० डेसिबलपासून पुढं धरतात. पैशांची अडचण असेल त्यांच्यासाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे: ६५ च्या वर वय आणि वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर साहित्यासाठी तीन हजार खात्यात येतात, श्रवणयंत्र त्या यादीत आहे. तीन हजारांत दोन कान होत नाहीत, हेही खरं. केंद्राच्या वयोश्रीत शिबिरात यंत्रच मिळतं. ते मिळालं तर जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कानाच्या ओपीडीला नेऊन तपासून घ्या, तसंच लावू नका.

---

गोदाकाठची

नऊ आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. खत-बियाण्याचा हंगाम होता.

आम्ही अण्णांना परभणीला एका ऑडिओलॉजिस्ट मुलीकडं नेलं. तिनं मशीन कॉम्प्युटरला जोडली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "आजोबा, रोजचे बावीस मिनिटं!" मशीन किती वेळ चालू होती याची नोंद आतच असते म्हणे. अण्णा चोरी पकडल्यासारखे हसले. बोंडू बदलले, नळी घालून मोजलं. बारीक आवाज लागायला हवे त्यापेक्षा कितीतरी कमी पोचत होते आणि जाड उगाच वाढवलेले. म्हणजे दुकानातलं सेटिंग बरोबर उलटं. तिनं एकदम पुरतं दिलं नाही, पहिले तीन आठवडे जरा कमीच ठेवलं, मग दोनदा बोलावून वाढवलं.

पहिले पंधरा दिवस कटकट होतीच. पेपरची घडी मोडली तरी दचकायचे, फोडणीचा चर्र ऐकून स्वयंपाकघरात बघायला यायचे. एकदा मला फोन करून म्हणाले, "अगं, पत्र्यावर चिमण्या चालतात त्याचा आवाज असतो."

मध्ये उजवी मशीन एकदम मुकी झाली. भाऊ म्हणाला बिघडली, कंपनीला पाठवू. त्या मुलीनं फोनवरच टोकावरची इवलीशी जाळी बदलायला सांगितली, मळानं बुजली होती. आणि बॅटरीचा स्टिकर काढला की लगेच घालायची नाही, मिनिटभर हवा लागू द्यायची, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतो. उन्हाळ्यात घामानं दोनदा बंद पडली, त्याला अजून इलाज सापडला नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

रातकिडे दिवसा जाणवत नाहीत म्हणतात. रात्री मशीन काढली की परत येतात. पंख्याचा आवाज असला तर झोप लागते.

मागच्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांनी परत परीक्षा घेतली, मशीन लावून, मास्क न लावता, समोर बसून. २४.

---

निवृत्त_हेडमास्तर

अभिनंदन! म्हणजे डिमेन्शिया नव्हताच.

---

कानोसा

मास्तर, थांबा. तीच परीक्षा दुसऱ्यांदा दिली की एक-दोन गुण सवयीनंही वाढतात. २४ मध्ये उरलेली कसर कशाची, हे सहा महिने-वर्षानं परत घेतल्यावर कळेल. डॉक्टर काय म्हणाले?

---

गोदाकाठची

तेच. औषध आत्ता सुरू करत नाही, वर्षानं या. बी-१२ कमी निघालं होतं, त्याची इंजेक्शनं चालू केलीत, म्हणजे वाढलेल्या पाचात त्यांचा किती वाटा तेही कळायला मार्ग नाही. घड्याळाचं चित्र काढताना काटे आताही चुकलेच. ते काही कानानं चुकत नाहीत ना?

---

कानोसा

नाही. ते कानाचं नाही. तारीख लिहून ठेवा आणि वर्षानं चुकवू नका. घामासाठी मशीनवर चढवायचे पातळ कापडी मोजे मिळतात, त्यांनी थोडं निभावतं. भर उन्हात शेतात जाताना मात्र काढून डबीतच ठेवायला सांगा.

---

गोदाकाठची

शेवटचं एक. अण्णांच्या जिनिंगमधले सहा जण अजून सेलूत आहेत, सगळे सत्तरीच्या अलीकडं-पलीकडं. सगळेच "होय होय" म्हणतात, हे मला आता दिसायला लागलंय. अण्णाच म्हणतायत, जीप करून सगळ्यांना एकदम परभणीला नेऊ. चालेल का तसं, की एकेकानं जावं?

---

कानोसा

एकदम न्या, पण दिवस बघून. एका माणसाला नीट तपासायला पाऊण तास तरी लागतो, तेव्हा तिला आधी फोन करून दोन दिवसांत वाटून घ्या. आदल्या दिवशी सगळ्यांचा मळ डॉक्टरांकडून बघून घ्या. आणि आदल्या रात्री डीजेच्या वरातीत, गिरणीत, ट्रॅक्टरवर कुणी जाऊ नका. तपासणीआधी सोळा तास तरी कान शांत हवा, नाहीतर तात्पुरता बधिर झालेला कान रिपोर्टवर कायमचा गेलेला दिसतो.

---

भुईमुगाची_शेंग

सोळा तास? आमच्याकडं लग्नसराईत तर कुणाची तपासणीच व्हायची नाही. आमच्या ह्यांचाही नंबर लावते, पण तुळशीचं लग्न व्हायच्या आत.